गिंबल असूनही शॉट का हलतो? बॅलन्स आणि चाल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण गिंबल हातात घेऊन सगळ्यात जास्त चालतात ते तेच. आकडे येतील तिथे एकच जोडणी धरली आहे: सोनी ए७ फोर, २० मिमी एफ १.८ लेन्स आणि डीजेआय आरएस ३ गिंबल. तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी हिशोब तोच राहतो.

गिंबल चालू आहे, बॅलन्सही झालाय, तरी चालताना चित्र वरखाली उसळतं. गिंबल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. तीन अक्षांचा गिंबल कॅमेऱ्याचं फिरणं थांबवतो. लेन्सचं नाक वर-खाली होणं, क्षितिज तिरकं होणं आणि तोंड डावी-उजवीकडे वळणं, या तीन गोष्टींसाठी त्यात तीन मोटारी असतात. अख्खा कॅमेरा जसाच्या तसा वर उचलला गेला आणि खाली आला तर त्यातली एकही मोटर काही करू शकत नाही. चालताना नेमकं तेच होतं. नेहमीच्या चालीत माणसाचं शरीर प्रत्येक पावलाला साधारण ४ ते ५ सेंटिमीटर वरखाली होतं, आणि गिंबल तो झोका कॅमेऱ्याला इमानेइतबारे पोचवतो. उलट बाकीची थरथर निघून गेल्यामुळे हा झोका जास्तच उठून दिसतो.

गॅरेट ब्राउनने १९७०च्या दशकात स्टेडीकॅम बनवला तेव्हा त्यात दोन वेगळे भाग होते. कॅमेऱ्याचा तोल सांभाळणारा दांडा हा एक, आणि अंगातल्या जॅकेटला जोडलेला स्प्रिंगचा हात हा दुसरा. वरखालीचा झोका तो स्प्रिंगचा हात खायचा. आजच्या एकहाती गिंबलमध्ये पहिल्या भागाचं काम मोटारी करतात, दुसरा भाग डब्यात येतच नाही. ते काम तुमचे गुडघे, घोटे आणि कोपरं करणार.

मग एडिटिंगमध्ये स्टॅबिलायझर टाकला की झालं, नाही का?

या विशिष्ट दोषावर तो चालत नाही, आणि का चालत नाही ते आकड्यांत पाहिलं की पटतं.

समजा मांडवातल्या वाटेवरून तुम्ही चालताय. फुलांनी सजवलेला एक खांब कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि स्टेजचा पडदा १० मीटरवर. कॅमेरा ४ सेंटिमीटर वर गेला. २० मिमी लेन्सवर, १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात, तो खांब सुमारे ४३ पिक्सेल खाली सरकेल आणि पडदा फक्त ४. एकाच फ्रेममध्ये दोन वस्तू दोन वेगळ्या मापांनी हलल्या. आता सॉफ्टवेअरने पडदा स्थिर धरला तर खांब नाचतो, खांब धरला तर पडदा नाचतो. दोन्ही धरायला जाऊन ते चित्र ताणतं आणि मग भिंती जेलीसारख्या लवचिक दिसायला लागतात.

कॅमेऱ्यातल्या जायरोच्या नोंदी वापरणारी सॉफ्टवेअरं खूप चांगली आहेत, पण जायरोही फक्त फिरणं मोजतो. म्हणजे गिंबलची आणि त्यांची मर्यादा एकच.

शिवाय शटरचा प्रश्न आहे. आपल्याकडे २५ फ्रेमला १/५० शटर ठेवतात, कारण गतीही नैसर्गिक दिसते आणि ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे फडफडत नाहीत. या शटरवर पाय आपटल्याच्या क्षणी तो फ्रेम थोडा पुसट होतो. एडिटिंगमध्ये फ्रेम जागेवर आणता येते, पुसटपणा तिथेच राहतो. मग स्थिर चित्रात पावलागणिक एक धूसर ठोका दिसतो, आणि तो मूळच्या हलण्यापेक्षा वाईट वाटतो.

बॅलन्स कधी करायचा? म्हणजे कॅमेऱ्यावर काय काय लावल्यावर?

शूट करताना जे जे असणार ते सगळं लावल्यावर. बॅटरी आणि कार्ड आत, लेन्सची टोपी काढलेली, एनडी फिल्टर चढवलेला, कंट्रोल केबल जोडलेली, गळ्यातला पट्टा काढलेला. ए७ फोरची स्क्रीन डावीकडे उघडते, तेव्हा ती उघडून वापरणार असाल तर उघडी ठेवूनच बॅलन्स करा. बंद करून केलात तर डावी बाजू नंतर जड होते. झूम लेन्स असेल तर ज्या फोकल लेंथवर काम करणार तिथे आणून ठेवा. नळी बाहेर येणाऱ्या २४-७० सारख्या लेन्समध्ये २४ला केलेला बॅलन्स ७०ला राहत नाही. म्हणूनच चालत्या शॉटसाठी मी प्राइम लेन्स लावतो. २० मिमी ३७३ ग्रॅम, बॉडी ६५८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम १ किलो ३१ ग्रॅम. आरएस ३ तीन किलोपर्यंत पेलतो, त्यामुळे मोटारी निवांत असतात.

प्लेटचा स्क्रू नाण्याने घट्ट आवळा. हाताच्या बोटांनी आवळलेला स्क्रू अर्ध्या तासात सैल होतो, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारी बारीक थरथर तिथूनच येते.

बॅलन्सचा क्रम काय?

गिंबल बंद, त्याच्या छोट्या तिपाईवर, सपाट जागी. सगळे अक्ष कुलूपबंद. एका वेळी एकच कुलूप उघडायचं.

आधी टिल्टचं उघडा आणि लेन्स आकाशाकडे करून सोडून द्या. लेन्स तुमच्याकडे मागे कलंडली तर कॅमेरा वरून जड आहे, तो खाली सरकवा. पुढे पडली तर खालून जड आहे, वर घ्या. लेन्स आकाशाकडे पाहत उभी राहिली की हे झालं.

आता लेन्स समोर करा. नाक खाली गेलं तर कॅमेरा प्लेटवर मागे घ्या, नाक वर उचललं गेलं तर पुढे. नंतर लेन्स ४५ अंशांवर वर आणि मग ४५ अंशांवर खाली ठेवून पाहा. दोन्ही जागी थांबली तर टिल्ट खरोखर बॅलन्स आहे. ही ४५ अंशांची तपासणी बरेच जण गाळतात. आधीच्या दोन्ही पायऱ्यांत थोडी थोडी चूक राहिलेली असेल तर ती इथे उघडी पडते.

मग रोल. लेन्स समोर असताना कॅमेरा ज्या बाजूला झुकतो त्याच्या उलट दिशेला सरकवा.

शेवटी पॅन. गिंबल उचला, हँडल जमिनीला जवळजवळ समांतर होईल इतका आडवा धरा आणि पॅनचं कुलूप उघडा. जो भाग झोका खाऊन खाली येतो तिकडे वजन जास्त. पॅनचा हात उलट दिशेला सरकवा. उभ्या गिंबलवर हा दोष दिसतच नाही, म्हणून "पॅन तर बरोबरच आहे" असं वाटत राहतं.

एक बारकावा: नव्या गिंबलच्या सांध्यांत घर्षण असतं, त्यामुळे चुकलेला कॅमेराही कधीकधी जागेवर थांबतो. थांबला म्हणून समाधान मानू नका. बोटाने दोन्ही दिशांना हलका धक्का द्या. एकीकडे सहज सरकतो आणि दुसरीकडे अडतो, असं झालं तर अजून एखाद-दोन मिलिमीटरचं काम बाकी आहे.

मोटारी एवढ्या ताकदवान आहेत, थोडा बॅलन्स चुकला तर खरंच फरक पडतो का?

खरं सांगायचं तर एक किलोच्या कॅमेऱ्याला, सावकाश चालीला, फारसा पडत नाही. मोटर ओढून धरते आणि चित्रात काही कळत नाही. फरक पडतो तो झटकन पॅन केल्यावर, गिंबल उलटा धरून जमिनीलगत चालल्यावर आणि भारी लेन्स लावल्यावर. मोटरची ताकद आधीच तोल धरण्यात खर्च होत असेल तर अचानक आलेल्या गचक्याला द्यायला तिच्याकडे काही उरत नाही. लक्षणं ओळखीची आहेत: मोटर हाताला गरम लागते, बॅटरी रोजच्यापेक्षा लवकर उतरते, पॅन थांबवल्यावर फ्रेम एकदा मागे झोका घेते.

म्हणून माझा सल्ला असा की बॅलन्सला दहा मिनिटं द्या, एक तास देऊ नका. उरलेली पन्नास मिनिटं चालण्याच्या सरावाला जास्त कामी येतील.

बॅलन्सनंतर ऑटो ट्यून करायलाच हवं का?

हो, कॅमेरा किंवा लेन्स बदलली की प्रत्येक वेळी. कॅमेऱ्याच्या वजनाप्रमाणे मोटारींनी किती जोर लावायचा हे त्यातून ठरतं. जोर जास्त झाला तर उभ्या उभ्याच बारीक गुणगुण आणि थरथर येते. कमी झाला तर फ्रेम सैल आणि आळशी वाटते. बॅलन्स न करता ऑटो ट्यून केलं तर गिंबल चुकीच्या तोलालाच सवयीचा होतो, तेव्हा क्रम उलटा करू नका.

दोष गिंबलचा आहे की माझ्या चालण्याचा, हे कसं ओळखायचं?

तीन छोटे शॉट घ्या. पहिला, गिंबल चालू करून तिपाईवर टेबलावर ठेवलेला. दुसरा, हातात धरून पण एका जागी उभं राहून. तिसरा, चालत.

पहिल्यातच थरथर असेल तर स्क्रू, बॅलन्स किंवा मोटारींचा जोर तपासा. तुमचा त्यात संबंध नाही. पहिला स्वच्छ आणि दुसऱ्यात फ्रेम सावकाश डुलत असेल तर फॉलोची सेटिंग हाताच्या हालचालीला फार लवकर प्रतिसाद देतेय. फक्त तिसऱ्यात, पावलांच्या ठेक्यावर वरखाली होत असेल तर ते पाय आहेत. क्षितिज हळूहळू तिरकं होत जात असेल तर गिंबल सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवून कॅलिब्रेशन करा. तिसरा शॉट तपासताना लांबच्या इमारतीकडे पाहू नका. जवळचा दरवाजा किंवा खांब फ्रेममध्ये घ्या. झोका तिथेच दिसतो.

बरं, चालायचं कसं?

आधी शरीर वर का उचललं जातं ते पाहू. ताठ पायाने चालताना आपण टेकलेल्या पायावरून कंपासासारखे पलीकडे जातो. दोन्ही पाय जमिनीवर फाकलेले असताना कंबर सगळ्यात खाली असते, आणि एक पाय सरळ शरीराखाली आला की सगळ्यात वर. दोन्हींतलं अंतर कमी करायचं आहे.

सगळ्यात मोठा फायदा पाऊल लहान करण्यात आहे. हा चढउतार पावलाच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ७० सेंटिमीटरचं पाऊल ३५ वर आणलं तर झोका निम्मा होत नाही, साधारण पाव होतो. वाकून, दबकून चालण्याचे बाकी सगळे प्रकार यापुढे दुय्यम आहेत, आणि तरी लोक गुडघे वाकवून भलीमोठी पावलं टाकताना दिसतात.

दुसरं, गुडघे. खुर्चीत बसायला निघाल्यासारखे खोल वाकवायची गरज नाही. तसं केलं तर दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात आणि ती थरथर कॅमेऱ्यात जाते. ताठरपणा जाईल इतकेच वाकवा. शरीर पायावरून पलीकडे जात असताना, म्हणजे ज्या क्षणी कंबर वर उचलली जाते त्या क्षणी, गुडघा किंचित जास्त वाकायला हवा. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई हेच करते, फक्त तिला कोणी शिकवलेलं नसतं.

तिसरं, पाऊल टेकवणं. पुढे चालताना टाच अलगद टेकवा आणि वजन बाहेरच्या कडेवरून पंज्याकडे गुंडाळत न्या. मागचा पाय उचलताना पंज्याने जमिनीला ढकलू नका. चालीतली उसळी बरीचशी त्या ढकलण्यातून येते. दोन्ही पावलं जवळजवळ एका रेषेवर पडू द्या. पाय फाकवून चाललात तर शरीर डावीउजवीकडे झुलतं, आणि ते झुलणंही मोटारींच्या आवाक्याबाहेरचं आहे.

हातांबद्दल: दोन्ही हात वापरा, कोपरं साधारण काटकोनात, बरगड्यांपासून थोडी सुटी. कोपरं पोटाशी घट्ट दाबली तर पायाचा गचका थेट कॅमेऱ्यात जातो. हात लांब ताणले तर सगळं मिळून अडीच किलोच्या आसपासचं वजन मिनिटभरात जाणवायला लागतं.

पायात सपाट, मऊ तळव्याचे बूट हवेत. टाचेचे कडक बूट फरशीवर ठक् करतात आणि तो धक्का गुडघ्याच्या वर येईपर्यंत विरत नाही.

एवढं जमलं की ४ सेंटिमीटरचा झोका १ सेंटिमीटरच्या आसपास आणता येतो. आधीच्या हिशोबात १ मीटरवरचा खांब ४३ ऐवजी ११ पिक्सेल हलेल, आणि तोही सावकाश.

उलटं चालताना काय बदलतं?

टाचेऐवजी पंजा आधी टेकवायचा आणि मग टाच खाली आणायची. पाऊल अजून थोडं लहान. खरा प्रश्न भीतीचा असतो: मागचं दिसत नाही म्हणून माणूस नकळत ताठ होतो, आणि ताठ झाला की गुडघे झोका खात नाहीत. म्हणून मागे एक माणूस हवाच. त्याने तुमच्या कमरेच्या पट्ट्याला किंवा पाठीला हात लावून ठेवायचा. बोलून सूचना द्यायच्या नाहीत, कारण त्या रेकॉर्ड होतात, हातानेच वळवायचं.

एखादा प्रत्यक्ष शॉट सांगा ना, सुरुवातीपासून.

मंगलाष्टकांच्या आधी मामा मुलीला मांडवात आणतो तो शॉट घेऊ. वाट १२ मीटरची, खाली गालिचा, दोन्ही बाजूंना फुलांचे खांब. तुम्ही त्यांच्यापुढे २ मीटरवर, उलटं चालत.

मुहूर्ताच्या अर्धा तास आधी ती वाट एकदा उलटी चाला, कॅमेऱ्याशिवाय. गालिच्याचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथली कड आणि लाइटच्या वायरी शोधा. डेकोरेशनवाल्याकडून त्यांवर चिकटपट्टी मारून घ्या. स्टेजची पायरी कुठे सुरू होते हे साथीदाराला दाखवून ठेवा, कारण तुम्ही तिथे पाठीने पोचणार आहात.

गिंबल पॅन फॉलोवर, म्हणजे `PF` मोडमध्ये. फॉलोचा वेग कमी आणि डेडबँड थोडा मोठा, म्हणजे मनगट जरासं वळलं तरी फ्रेम वळणार नाही. फोकस चेहरा पकडणारा. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद की चालू हे आदल्या दिवशी घरी चालून ठरवा. २० मिमीसारख्या रुंद लेन्सवर ते चालू ठेवलं तर कोपरे ओढल्यासारखे हलू शकतात, म्हणून मी बंद ठेवतो.

आता वेग. नवरी साडीत, मुंडावळ्या बांधून, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास चालते. १२ मीटरला २४ सेकंद. तुमचं पाऊल ३५ सेंटिमीटरचं धरलं तर सुमारे ३४ पावलं, सेकंदाला दीडपेक्षा थोडी कमी. ही गती आरामाची आहे, धावपळ नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा भटजी घाई करतात आणि मामा वेग वाढवतो. अशा वेळी पाऊल लांब करू नका, पावलांची संख्या वाढवा. तरी अंतर कमी होत गेलं तर एका बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या आणि पॅन करत पाठमोरा शॉट घ्या. पळत काढलेल्या शॉटपेक्षा तो अल्बममध्ये नक्की लागतो.

नवरी २ मीटरवर असल्याने, तुमचा १ सेंटिमीटरचा झोका तिच्या चेहऱ्यावर ५-६ पिक्सेल दिसेल. तो कोणाच्या लक्षात येणार नाही. बाजूचे खांब मात्र फ्रेममध्ये शिरताना जवळ असतात, आणि शॉट हलला असं वाटलं तर ते त्यांच्यामुळेच. वाट रुंद असेल तर मधोमध राहा, एका खांबांच्या रांगेला चिकटून चालू नका.

५० फ्रेमवर शूट करून निम्म्या वेगाने चालवलं तर?

मदत होते. सेकंदाला दोन पावलांचा ठेका एकावर येतो आणि झोका मऊ वाटतो. झोक्याची उंची मात्र तेवढीच राहते, त्यामुळे जवळचे खांब तेवढेच हलतात, फक्त सावकाश. वरातीतल्या नाचाला किंवा नवरीच्या प्रवेशाला हे शोभतं. मंगलाष्टकांचा आवाज चित्राशी जुळवायचा असेल तिथे चालत नाही.

खाली स्प्रिंग लावलेले गिंबलचे हँडल घ्यावेत का?

वरखालीचा झोका ते खरोखर कमी करतात, पण स्प्रिंग कॅमेऱ्याच्या वजनाला जुळवावी लागते आणि एकूण वजन वाढतं. जिने आणि ओबडधोबड जमिनीसाठी एखाद्या दिवशी भाड्याने आणून पाहा.

मोबाइलच्या गिंबललाही हे सगळं लागू आहे का?

चालण्याचा भाग तंतोतंत लागू आहे. बॅलन्समध्ये एवढंच की फोन पकडीत मध्यावर बसवा, कव्हर जाड असेल तर काढा, आणि गिंबल बंद असताना फोन एका बाजूला ठळकपणे कलंडत नाही ना ते पाहा. फोन हलका असल्यामुळे हातातला बारीक कंप जास्त जाणवतो, म्हणून तिथेही दोन्ही हात वापरा.